तुम्ही विचारलंत म्हणून : गटाचे गुण, एकेकाचे गुण

"मॅडम, गटाच्या प्रकल्पाला रुब्रिक लावलं तरी शेवटी सगळ्यांना सारखेच गुण पडतात आणि मुलं भांडायला येतात. तुम्ही ते नेमकं कसं बनवता?"

मी सुरुवात नेहमी रुब्रिकच्या, म्हणजे निकष आणि त्यांच्या पातळ्या मांडलेल्या तक्त्याच्या, रकान्यांत लिहिलेल्या शब्दांपासून करते. नागपुरात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचा प्रकल्प घेताना माझ्या पहिल्या तक्त्यात 'उत्कृष्ट', 'चांगले', 'समाधानकारक' अशा पातळ्या आणि त्यांच्या रकान्यांत नुसती विशेषणे होती. एका सहकाऱ्याने आणि मी नाग नदीच्या पाण्यावरचा एकच अहवाल वेगवेगळा तपासला, तेव्हा 'विश्लेषण' या निकषावर आमच्यात दोन पातळ्यांचा फरक पडला. त्या रकान्यात 'सखोल' असा शब्द होता. त्यांना सखोल म्हणजे भरपूर आलेख वाटले, मला कारणमीमांसा वाटली. दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो, चूक शब्दाची होती.

तेव्हापासून रकान्यात मी विशेषण ठेवत नाही, कागदावर बोट ठेवून दाखवता येईल असे काहीतरी ठेवते. 'नमुने आणि नोंदी' या निकषाची सर्वांत वरची पातळी अशी आहे : प्रत्येक नमुन्याचे ठिकाण, तारीख आणि वेळ लिहिलेली आहे, त्याच ठिकाणचा नमुना किमान दोनदा घेतलेला आहे आणि अहवालातले आकडे कच्च्या वहीतल्या आकड्यांशी जुळतात. त्याखालच्या पातळीत बाकी सर्व आहे, पण नमुना एकदाच घेतला आहे. तिसऱ्या पातळीत वहीतल्या नोंदी अपुऱ्या आहेत, चौथ्या पातळीत वहीच नाही. मी पातळ्या चारच ठेवते, कारण पाच ठेवल्या की शंका आली रे आली, हात मधल्या रकान्याकडे जातो.

एका निकषात एकच गोष्ट असावी, हे मी 'सादरीकरण' या निकषावरून शिकले. त्यात स्लाइडची मांडणी, बोलण्याची सफाई आणि विषयाची समज असे सगळे एकत्र होते, त्यामुळे सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्यांना समज नसतानाही गुण मिळत आणि काटोल-भिवापूरकडून आलेली, विषय नीट कळलेली मुले मागे पडत. आता तिथे फक्त एवढेच पाहते की 'नमुन्यासाठी हीच जागा का निवडली' या प्रश्नाचे उत्तर नोंदींच्या आधारे देता येते का. ते कोणत्या भाषेत दिले, याला गुण नाहीत.

सगळ्यांना सारखेच गुण पडण्याचे कारण मात्र वेगळे आहे : गटाचे काम आणि एकेकाचे काम आपण एकाच आकड्यात कोंबतो. मी ५० पैकी ४० गुण गटाच्या कामाला आणि १० प्रत्येकाच्या वाट्याला ठेवते. गटातल्या मुलांनी एकमेकांना दिलेल्या गुणांनी गटाचे गुण कमी-जास्त करण्याची पद्धतही मी वापरून पाहिली आहे. पाच जणांच्या त्या नदीच्या गटाला ४० पैकी ३२ गुण होते. चौघांना एकमेकांकडून ४ पैकी सरासरी ३.४ मिळाले, एका मुलीला २.४. गटाची सरासरी ३.२, म्हणून तिचा गुणक ०.७५ आणि तिचे ३२ चे झाले २४.

मी तिची वही मागवली. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनची अठराही वाचने तिच्याच अक्षरात होती. ऑक्सिजन नदीकाठीच बाटलीत स्थिर का करावा लागतो आणि टायट्रेशन करताना पिवळा रंग फिका झाल्यावरच स्टार्च का घालायचा, हे तिने पाच मिनिटांत नीट सांगितले. ती अबोल होती आणि सादरीकरणाच्या तालमींना आलेली नव्हती. मित्रांना जे दिसले त्यावर त्यांनी गुण दिले, जे प्रयोगशाळेत घडले ते त्यांनी पाहिलेच नव्हते. तो गुणाकार मी रद्द केला. गटातल्या मुलांचे एकमेकांबद्दलचे मत मी आजही घेते, पण ते केवळ कोणाला जास्त प्रश्न विचारायचे हे ठरवण्यासाठी; ते १० गुण नोंदवही आणि तोंडी प्रश्न यांवरूनच देते. साठ मुलांच्या वर्गात याला पाच तास लागतात, हे आधी सांगितलेले बरे.

तक्ता मी प्रकल्प देतानाच हातात देते आणि पहिल्या तासाला एक जुना अहवाल, नावे झाकून, मुलांकडूनच तपासून घेते. ज्या रकान्यावर वर्ग फुटतो, तो त्याच संध्याकाळी पुन्हा लिहिते. गेल्या खेपेला वर्ग 'पुरेसे संदर्भ' या शब्दांवर फुटला. आता तिथे 'प्रत्येक उसन्या आकड्याशेजारी त्याचा स्रोत' असे आहे.