टेकूवरचे ३३५ ग्रॅम: बाल्कनीतल्या तुळईची नोंद

मागच्या नोंदीत म्हटल्याप्रमाणे साधी दोन टेकूंची तुळई झाली, आता एका टोकाला घट्ट धरलेली आणि दुसऱ्या टोकाला टेकू दिलेली तुळई घेतली. इथे समतोलाची समीकरणं पुरत नाहीत. अज्ञात तीन (टेकूची प्रतिक्रिया, घट्ट टोकाची प्रतिक्रिया आणि तिथला मोमेंट), उपयोगी समीकरणं दोनच. तिसरं समीकरण पट्टीच्या वाकण्यातून काढावं लागतं.

सामान: रविवार पेठेत बोहरी आळीतून आणलेली २५ बाय ५ मिमीची लोखंडी पट्टी, स्वयंपाकघरातला १ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा, त्याच्यावर आडवी ठेवलेली ६ मिमीची गोल सळई (हाच टेकू) आणि १ किलोचं माप. घट्ट टोकापासून सळईपर्यंत ८०० मिमी. वजन बरोबर मधोमध, ४०० वर.

आधी टेकू काढून टाकला. पट्टी नुसती कॅन्टिलिव्हर झाली, म्हणजे एकाच टोकाला धरलेली. मधोमध वजन टांगलं की पहिले ४०० मिमी वाकतात आणि पुढचे ४०० मिमी सरळच राहतात, फक्त तिरके होतात, कारण तिकडे मोमेंटच नाही. वजनाखाली पट्टी ४ मिमी उतरते आणि त्या तिरकेपणामुळे टोक आणखी ६ मिमी खाली जातं. टोकाशी उभी मोजपट्टी धरून मोजलं तेव्हा उतार १० मिमीला किंचित जास्त भरला. हिशोबात १०.०५ आहे. हा आकडा डोळ्यांनी बघितला की पुढचं सूत्र पाठ करावं लागत नाही.

आता टेकूचं काम एवढंच: ते टोक १०.०५ मिमी परत वर आणणं. टोकाला वर ढकलणाऱ्या बलाने टोक किती उचललं जातं हे माहीत आहे, म्हणून दोन्ही बरोबर ठेवायचे. P म्हणजे टांगलेलं वजन, L म्हणजे ८०० मिमी लांबी, R म्हणजे टेकूची प्रतिक्रिया. EI म्हणजे पट्टीचा वाकण्यातला ताठपणा: E पदार्थावरून येतो, I पट्टीच्या रुंदी-जाडीवरून:

```
5PL³/48EI = RL³/3EI
R = 5P/16
```

१ किलोला ३१२.५ ग्रॅम. दोन्ही बाजूंना EI आहे, म्हणून तो उडून जातो. पट्टी लोखंडाची असो वा सागाची, उत्तर तेच. हे मला फार आवडतं, पण या वेळचा सगळा धडा मात्र तो EI परत कधी येतो यात निघाला.

एक गोष्ट नव्यांसाठी. या पट्टीचं स्वतःचं वजन ८०० मिमीला सुमारे ७८५ ग्रॅम आहे आणि त्यातले तीन-अष्टमांश, म्हणजे २९४ ग्रॅम, टेकूवर येतात. म्हणून पट्टी टेकवून काटा शून्य करायचा आणि मगच वजन लावायचं. असं केलं की टेकूची उंची सुरुवातीला मिलिमीटरभर चुकली असली तरी वाढीव वाचनाला धक्का लागत नाही, फक्त पट्टी टेकूवरून सुटता कामा नये. वाचन झटपट घ्या. माझा काटा दोन मिनिटांनी बंद होतो आणि शून्य विसरतो.

शनिवारी पहिलं वाचन आलं ३३५. तीनदा घेतलं, ३३४ ते ३३६. साडेबावीस ग्रॅम जास्त.

कमी आलं असतं तर मी लगेच काटा दबतोय म्हटलं असतं, कारण टेकू खचला की त्याच्यावरचा भार कमी होतो. जास्त कसं? वजन, अंतर, सगळं पुन्हा मोजलं. मग शेजारच्या काकांना बोलावलं. त्यांचं आयुष्य टूलरूममध्ये गेलं आहे. त्यांनी काट्याकडे बघितलंच नाही, थेट जी-क्लॅम्पपाशी वाकले आणि म्हणाले, "अगं, तुझं हे टोक घट्ट नाहीये. टेबलाच्या काठाशी प्लायवूड दबतंय बघ."

पट्टीवर १०० मिमी लांबीचा लोखंडी ठोकळा ठेवून क्लॅम्प लावला होता. काकांनी डायल गेज आणलं. वजन लावल्यावर ठोकळ्याचं पुढचं टोक ०.०८ मिमी खाली गेलं, मागचं ०.०४ वर आलं. नुसत्या बोटाला कळणार नाही इतकं. पण १०० मिमीत ०.१२ म्हणजे ८०० मिमीवर जवळपास १ मिमी. घट्ट टोक किंचित फिरलं की टोकाला आणखी खाली जायचं असतं, आणि तेही टेकूलाच अडवावं लागतं, म्हणून टेकूवरचा भार वाढतो. क्लॅम्प पूर्ण ढिला होऊन बिजागरीसारखा झाला तर वाचन ५०० वर जाईल.

इथे EI परत आला. या पट्टीचं टोक १ मिमी हलवायला ३१ ग्रॅम लागतात (3EI/L³ मधून निघतं, लोखंडाचा E २ लाख न्यूटन प्रति चौरस मिमी धरून). आपली दोन विस्थापनं बरोबर ठेवण्याची अट आता अशी लिहायची: टेकूने आवरायचा उतार म्हणजे १०.०५, अधिक घट्ट टोक फिरल्याचे मिमी, वजा टेकू खचल्याचे मिमी. ३३५ ला ३१.१ ने भागलं की १०.७७ येतात. म्हणजे फिरणं वजा खचणं ०.७ मिमी. गेजवरून फिरणं ०.९६ होतं, तर काटा साधारण पाव मिमी दबत असणार.

रविवारी काकांच्या वर्कबेंचवर गेलो. १६ मिमी जाडीच्या दोन प्लेटांमध्ये पट्टी धरली, चार एम-१० बोल्ट थेट बेंचच्या लोखंडी चॅनलमध्ये. वजन लावून वरच्या प्लेटला गेज लावलं, गेजची सुई अर्धा भागही हलली नाही. वाचन ३०६.

आता कमी आलं. अपेक्षेपेक्षा साडेसहा ग्रॅम, म्हणजे टेकूचं ०.२ मिमी खचणं. गेज काट्याच्या तबकावर टेकवलं, वजन ठेवल्यावर बरोबर ०.२० दाखवलं. काट्याचे रबरी पाय आणि आतला लोड सेल, दोन्ही मिळून.

शेवटी काकांनी फीलर गेजचं ०.२० मिमी जाडीचं पान काढलं. वजन लटकत असतानाच मी पट्टीचं टोक किंचित उचललं, त्यांनी पान सळईवर सरकवलं, मी टोक हळूच सोडलं. काटा ३१२ वर थांबला. "आता बसलं," काका म्हणाले. मी फोटो काढायलाही विसरले, ते पान अजून माझ्याकडेच आहे.

पुढची पट्टी १० मिमी जाडीची घ्यायची आहे. जाडी दुप्पट म्हणजे I आठपट, टोक १ मिमी हलवायला २४९ ग्रॅम. वर काढलेल्या आकड्यांवरून, ३०६ ला ०.२० ने भागून, काट्याचा ताठपणा सुमारे १५३० ग्रॅम प्रति मिमी आहे, म्हणून पान न घालता वाचन ३१२ ऐवजी २६९ यायला हवं. जवळपास तेच खचणं, पण जाड पट्टीला चाळीसहून जास्त ग्रॅमची चूक. प्लेटा त्याच वापरणार, फक्त बोल्ट आवळताना पुन्हा गेज लावून बघणार, कारण घट्ट टोकाकडूनही जाड पट्टी तितकीच जास्त मागणी करेल.