सहा गुण कमी पडले

मंगळवार, रात्र. लेस्टर.

ड्रायव्हिंगच्या थिअरी टेस्टमध्ये नापास. सेंटरवर मिळालेला कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून ठेवलाय. प्रश्नांच्या भागात 50 पैकी 46, पास व्हायला 43 लागतात. व्हिडिओत रस्त्यावरचे धोके ओळखायच्या भागात मात्र 75 पैकी 38, आणि तिथे हवेत 44. दोन्ही भाग एकाच बैठकीत पास व्हावे लागतात, म्हणजे ते 46 सुद्धा पाण्यात.

पुण्यात आठ वर्षं गाडी चालवली. ते लायसन्स इथे पहिले 12 महिनेच चालतं, म्हणून पुन्हा शिकाऊ. त्यामुळे व्हिडिओ म्हणजे डाव्या हातचा मळ असं वाटलं होतं. नेमकी तिथेच माती खाल्ली.

एकूण 14 क्लिप, त्यांत मोजायचे धोके 15. धोका आकार घेऊ लागला की लगेच माउस दाबला तर 5 गुण, मग उशीर होईल तसे कमी होत शून्यापर्यंत. एक क्लिप अजून डोळ्यांसमोर आहे. डावीकडे व्हॅन उभी. तिचा उजवा इंडिकेटर लागला, पुढचं चाक वळलं, मग ती रस्त्यात आली. मी दाबलं ती रस्त्यात आल्यावर. पुण्यात तेवढ्यात ब्रेक लागतोच की! इंडिकेटरला तिथे भाव कोण देतं? इथे गुण मात्र इंडिकेटरचेच.

उशीर होतोय हे कळल्यावर मी घाबरले आणि पुढच्या क्लिपमध्ये टकटक दाबत सुटले. क्लिप संपताच संदेश आला: क्लिक करण्याची पद्धत अमान्य, या क्लिपला शून्य.

जेवताना हा म्हणाला, “अगं, सहाच गुण ना?” आधी राग आला. मग हिशेब केला. सहा ठिकाणी जरा आधी दाबलं असतं, एकेक गुण वाढला असता, तर भागलं असतं.

उद्यापासून रोज रात्री चारच क्लिप. पहिल्यांदा माउसला हात न लावता, फक्त मोठ्याने बोलायचं: “व्हॅन उभी आहे... इंडिकेटर... चाक वळलं.” दुसऱ्यांदा इंडिकेटरला एकदा दाबायचं आणि ती हलली की आणखी एकदा. पहिलं दाबणं फार लवकर झालं तर त्याचे गुण मिळत नाहीत, म्हणून दुसरं हवं. तिसरं नाही. कामावर जाताना डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायची आणि हेच मनातल्या मनात करायचं. प्रश्नांना रविवारचा एक तास पुरे. थांबण्याची अंतरं तेवढी पुन्हा पाहीन, ताशी 50 मैलांना 53 मीटर, 60 ला 73. आज तिथेच गोंधळले.

पुन्हा बसायला मध्ये किमान तीन कामाचे दिवस जावे लागतात. मी पुढच्या आठवड्यानंतरचा गुरुवार घेतला, सकाळचा. 23 पौंड गेले. ह्याला अजून सांगितलेलं नाही.