चिंगी पळायला लागली, त्याची गोष्ट

चिंगी आमची गावठी कुत्री. लांब पाय, आत गेलेलं पोट, वजन 17 किलो. तिला बघून कोणीही म्हणायचं, ही तर पळण्यासाठीच जन्मली आहे. मी स्वतः रोज पळते, त्यामुळे ती घरी आल्यापासून तिला सोबत न्यायचं मनात होतंच. तरी ती दीड वर्षाची होईपर्यंत थांबले. पिल्लांच्या लांब हाडांच्या टोकांना वाढीचा कूर्चेसारखा मऊ भाग असतो. तो पूर्ण भरून येण्याआधी कडक रस्त्यावर सारखं एकाच चालीत पळवलं, तर सांध्यांना कायमची इजा होऊ शकते. मध्यम अंगाच्या कुत्र्याला साधारण वर्ष, मोठ्या जातीला दीड वर्ष किंवा जास्त लागतं. अंगणात ती मनाने धावते, थांबते, लोळते, त्याला काही हरकत नसते. पण आपण ठरवलेल्या वेगाने आपण ठरवलेलं अंतर कापणं हे काम वेगळं.

ऑक्टोबर संपताना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हृदय ऐकलं, मागचे पाय ताणून गुडघे आणि खुबे तपासले, बरगड्यांवरून हात फिरवून वजन ठीक असल्याचं सांगितलं. निघताना म्हणाल्या, "ताई, ही तुमच्यामागे कितीही पळेल. दमले असं ती सांगणार नाही. कुठे थांबायचं ते घरातून निघतानाच ठरवून निघा." पुढचं सगळं मी या एका वाक्याच्या आधाराने केलं. (पग, बुलडॉग, शित्झू अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना मात्र पळवूच नका, हेही त्यांनी सांगितलं. त्यांचा श्वासाचा मार्गच अरुंद असतो.)

पळण्याआधी लीशचं काम होतं. गळपट्ट्याला लीश लावून पळवायचं नाही, हे पहिलं. प्रत्येक हिसका गळ्यावर बसतो, श्वास अडतो, आणि कुत्र्याला अंग थंड ठेवायला श्वासच तर हवा असतो. म्हणून गळपट्ट्यावर फक्त नाव आणि आमचा फोन नंबर. लीश हार्नेसला. हार्नेसही छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा उतरणारा घेतला, कारण खांद्यावरून आडवा पट्टा जाणारा प्रकार पुढचा पाय पूर्ण पुढे टाकू देत नाही. घातल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. पहिले काही दिवस परत आल्यावर तिच्या पुढच्या पायांच्या मागे, काखेत, केस घासले गेलेत का ते बघत होते.

माझ्याकडचं टोक कमरेच्या पट्ट्याला. तो पट्टा बेंबीच्या रेषेत बांधला तर हिसक्याने पाठ मोडते, तो खाली, खुब्याच्या हाडांवर बसायला हवा. मधली लीश दीडएक मीटर, थोडी ताणली जाणारी, म्हणजे धक्का दोघींनाही कमी लागतो. आपोआप गुंडाळणारी लांब दोरीची लीश पळताना अजिबात नको, आणि कोणतीही लीश मनगटाला गुंडाळणं तर त्याहून नको. कुत्रं अचानक उडालं तर बोटं मोडतात. मोचीकाकांकडून मी लीशला हार्नेसपासून वीतभर अंतरावर एक जास्तीची मूठ शिवून घेतली. रिक्षा आली, शाळेची मुलं आली, की ती मूठ धरायची.

हे सगळं घालून आधी नुसतं चालत होतो. ती नेहमी माझ्या डावीकडे, रस्त्याच्या कडेच्या बाजूला. मध्येच समोरून बाजू बदलली की मी थांबायचे, ती जागेवर आली की पुन्हा निघायचे. "हळू", "चल", "सोड" एवढे तीन शब्द. "सोड"ची परीक्षा पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मोरांनी घेतली. झुडपातून मोर फडफडत उठला की चिंगीचं सगळं अंग धनुष्यासारखं ताणलं जायचं. लांबवर मोर दिसताच, ती ताणली जायच्या आधी, "सोड" म्हणून शेंगदाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचे. हळूहळू मोर दिसला की ती माझ्याकडे बघायला लागली. त्यानंतरच पळायला सुरुवात केली.

टेकडीकडे जाणाऱ्या गल्लीत चहाच्या टपरीजवळ चार-पाच भटकी कुत्री असतात. पळत जाणारी अनोळखी कुत्री त्यांना चालत नाही. टपरी दिसली की आम्ही चालायला लागतो. मी मध्ये, चिंगी पलीकडच्या बाजूला, आणि सरळ त्यांच्यावरून न जाता रस्ता ओलांडून वळसा. लीश आखूड पण ढिली. ताणून धरली की तिची छाती पुढे आणि मान वर येते, आणि समोरच्यांना ते आव्हान वाटतं. त्यांच्या डोळ्यांत बघत नाही, पळून सुटायचाही प्रयत्न करत नाही. एरवीही रेबीजचं लसीकरण चुकवत नाहीच, पण अशा रस्त्यावरून रोज जायचं तर त्याला पर्याय नाही.

अंतर वाढवायला थंडी मिळाली हे बरं झालं. सुरुवात एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, अशी एकूण वीस मिनिटं, आठवड्यात तीन दिवस, मध्ये एक दिवस नुसता फेरफटका. तिचा दम माझ्याआधी तयार झाला. पण दमापेक्षा पंजाच्या गाद्या आणि सांधे सावकाश तयार होतात, आणि वाढ त्यांच्या गतीने करायची असते. म्हणून जास्तीत जास्त पळणं मातीच्या वाटेवर, डांबरी रस्त्यावर टपरीपर्यंत येण्याजाण्याएवढंच. दोन आठवड्यांनी दोन मिनिटं पळणं, एक चालणं. मग पाच आणि एक. आठवड्याचं एकूण अंतर मागच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही, आणि दर चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवायचा.

वाढवायचं की नाही हे मी पळताना ठरवत नसे. पळताना ती आनंदात असते आणि सगळं ठीकच दिसतं. खरं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठताना मिळतं. चिंगी आधी पुढचे पाय ताणून लांब आळस देते, मग मागचा एकेक पाय झटकते. आळस न देता नुसतीच उठली, पहिली चार पावलं आखडून टाकली किंवा जिना चढताना थबकली, तर तो आठवडा आहे तिथेच थांबतो. गाद्याही रोज बघते. निरोगी गादी खरबरीत आणि कोरडी लागते. गुळगुळीत, गुलाबी चट्टा दिसला किंवा ती जागा सारखी चाटत बसली, तर कातडी घासली गेली आहे. तीन-चार दिवस पळणं बंद. एकदा जानेवारीत असा चट्टा दिसला, तेव्हा अडीच किलोमीटरवरच आठवडाभर जास्त राहिलो. फेब्रुवारी संपता संपता आम्ही न थांबता पाच किलोमीटर पळत होतो.

आणि तेवढ्यात ऊन आलं.

आपल्याला सगळ्या अंगाला घाम येतो. कुत्र्याला तो जवळजवळ पंजांनाच येतो, त्याचा उपयोग नसल्यातच जमा. त्याचं अंग थंड होतं ते ल्हाल्हा करून. जिभेवरचं आणि नाकातोंडातलं पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं. हवेत आधीच ओलावा असेल तर ही वाफ नीट होत नाही, म्हणून तापमानाचा नुसता आकडा बघून भागत नाही. डॉक्टरांशी बोलून मी चिंगीपुरत्या मर्यादा ठरवल्या. 20 अंशांपर्यंत नेहमीचं अंतर, 20 ते 24 मध्ये निम्मं आणि सावकाश, त्यापुढे फक्त चालणं. हवा दमट असेल तर एक पायरी आधीच खाली. काळ्या, दाट केसांच्या, जाड किंवा वयस्क कुत्र्याला हे आकडेही जास्त होतील.

मार्चमधली एक सकाळ चांगली लक्षात आहे. आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस पडला होता, आभाळ होतं, 19 अंश. माझ्या अंगाला हवा गारच लागत होती. दमट म्हणून दोन किलोमीटरच ठरवले होते. दीडच्या सुमाराला चिंगीची जीभ एरवीपेक्षा लांब लोंबायला लागली, टोकाशी चमच्यासारखी रुंद झाली आणि कडा वर वळल्या. नेहमी माझ्या गुडघ्याच्या रेषेत असणारी ती अर्धं पाऊल मागे पडली आणि वाटेच्या कडेच्या ओल्या गवताकडे ओढायला लागली. तिथेच थांबलो. सावलीत उभं करून पोटावर, काखेत आणि मांड्यांच्या आत पाणी ओतलं, टोपीने वारा घातला, थोडं थोडं प्यायला दिलं. पाचेक मिनिटांत धाप उतरली, जीभ आत गेली. मग सावकाश चालत घरी.

इथेही धाप उतरली नसती, लाळ घट्ट तारेसारखी झाली असती, हिरड्या लालभडक दिसल्या असत्या, ती झोकांड्या देऊ लागली असती किंवा तिला उलटी झाली असती, तर तो उष्माघात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 च्या आसपास असतं, 41 च्या पुढे जिवाला धोका. अशा वेळी आधी जागेवरच सगळं अंग साध्या पाण्याने भिजवायचं आणि वारा घालायचा, आणि ते चालू ठेवतच दवाखाना गाठायचा. ओला टॉवेल पाठीवर टाकून ठेवायचा नाही, तो तापतो आणि उष्णता आतच कोंडतो.

बरेच जण मला संध्याकाळी जायला सुचवतात. एप्रिलमध्ये पुण्यात सात वाजता वारा सुटतो हे खरं, पण दिवसभर तापलेलं डांबर तेव्हाही उष्णता सोडत असतं, आणि चिंगीचं पोट त्या डांबरापासून फूटभरावरच असतं. आपल्या हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर तिथे पंजा ठेवायचा नाही. रस्ता रात्रभर निवल्यानंतर, सूर्य उगवायच्या आधीची वेळ तेवढी तिची. उपाशीपोटीच नेते, आणि परत आल्यावर धाप पूर्ण बसल्यानंतर तासाभराने खायला देते. मेमध्ये पहाटेही हवा 24 च्या वर असली की पळण्याचे बूट घरीच राहतात. आम्ही अर्धा तास चालतो आणि मी माझं पळणं नंतर एकटी करते.

पावसाळ्यात अंतर पुन्हा दोन किलोमीटरपासून बांधायला घेतलं. आता काळजी गोचिडांची. टेकडीच्या गवतातून आलं की कानांच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली बोटं फिरवून बघायचं, आणि गोचिडांचं औषध वेळच्या वेळी द्यायचं. पंजे कोरडे करायचे, नाहीतर बेचक्यांत बुरशी धरते. आणि एखाद्या गार सकाळी, ओळखीच्या अंतरावर, ती कारण नसताना मागे पडली, त्या दिवशी जेवलीही नाही, तर त्याला आळस समजायचं नाही. गोचीडतापात हेच आधी दिसतं, हिरड्या फिक्या पडतात, अंग तापतं. अशा वेळी त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचं, आणि डॉक्टर सांगेपर्यंत हार्नेस खुंटीवरून काढायचा नाही.