उष्टं अत्तर

"एवढी हौस आहे तर सेंटची अख्खी बाटली घ्या ना. दुसऱ्याच्या बाटलीतून काढलेलं पाच मिली कशाला आणता? आणि ते खरं तरी असतं का?"

परवडत नाही म्हणून, असं सांगितलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि विषय संपतो. बरीच वर्षं मी तेच सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. 18,000 रुपयांची 100 मिलीची बाटली म्हणजे मिलीला 180 रुपये. त्यातलं 5 मिली 900 ला पडायला हवं, पण काचेची स्प्रेबाटली आणि काढून देणाऱ्याची मेहनत धरून हातात येईपर्यंत ते 1,200 च्या आसपास जातं. म्हणजे असं काढून घेतलेलं सेंट, ज्याला डिकँट म्हणतात, मिलीमागे महागच. स्वस्त म्हणून मी घेत नाही. पैसे वाया जायचेच असतील तर 1,200 जावेत, 18,000 जाऊ नयेत, एवढाच हिशोब.

आणि गंमत बघा, मोहम्मद अली रोडवरून कुणी अत्तराची इवलीशी कुपी आणली तर त्याला कुणी हा प्रश्न विचारत नाही. तिथला माणूस मोठ्या बाटलीतून काढूनच देतो. हेच परदेशी स्प्रेच्या बाबतीत केलं की लगेच "उष्टं" होतं. हा शब्द माझ्या आईचा. एकेकाळी मीही तोच वापरायचे आणि डिकँट घेणाऱ्यांना नाकं मुरडायचे. माझ्यातल्या तेव्हाच्या त्या मुलीशी मी अजून वाद घालते, पण तिचा एक मुद्दा मला खोडता येत नाही: ज्याच्या हातून हे येतं त्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नसतो. बाटलीचा आणि बॅच कोडचा फोटो मागावा, मी मागते. पण फोटो बाटलीचा असतो, कुपीतल्या द्रवाचा नसतो.

आता "खरं असतं का" याबद्दल. हे एकदा माझ्याच अंगावर आलं, तेही दिवाळीत, मावशीच्या घरी मुलुंडला.

फेब्रुवारीत मी संत्रं आणि वाळा असलेलं एक सेंट आणलं होतं. चार जणींनी मिळून ते वाटून घेतलं, प्रत्येकी 10 मिली. माझ्या मावसबहिणीने दिवाळीत आपली बाटली टेबलावर ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, राग मानू नकोस, पण तू यात काही मिसळलं होतंस का? याला थिनरसारखा वास येतोय." मावशी उठून चहा करायला गेली. मामेभाऊ उगाच मोबाइल बघायला लागला. मी चिडले, आणि चिडल्यावर माणूस जे बोलतो तेच बोलले: "मिसळायचं असतं तर तुला बोलावून तुझ्यासमोर कशाला भरलं असतं?" तिने खांदे उडवले.

फेब्रुवारीत तिची बाटली भरली त्याच दुपारी भरलेली 5 मिलीची एक कुपी माझ्या पर्समध्ये होती, तोंडाशी पट्टी गुंडाळलेली, अजून न उघडलेली. कोरा कागद कापून दोन पट्ट्या केल्या, एकीवर तिचं मारलं, दुसरीवर माझं, आणि दोन्हींवर पेनाने खूण केली. पहिल्या मिनिटात तिचं म्हणणं खरंच वाटत होतं. माझ्या पट्टीवर साल सोलताना येतो तसा ओला संत्र्याचा वास, तिच्या पट्टीवर आंबूस, नखांच्या पॉलिशच्या जवळ जाणारं काहीतरी. संत्रं गायबच. रंगही तिचा किंचित गडद. मी तिला म्हटलं, थांब, फराळ होऊ दे. तासाभराने पट्ट्या पुन्हा नाकाशी धरल्या तेव्हा दोन्हींवर वाळा आणि लाकूड, आणि कुठली कुणाची ते खूण बघितल्याशिवाय सांगता येईना.

हे का महत्त्वाचं ते मी तिला तिथेच सांगितलं, कदाचित जरा मोठ्या आवाजात. मी अल्कोहोल मिसळलं असतं तर वास पहिल्यापासून शेवटपर्यंत फिका लागला असता, वाळासुद्धा. पाणी बरंच घातलं असतं तर तेलं सुटून द्रव धूसर झाला असता. नकली असतं तर बहुधा उलटं झालं असतं, कारण नकल करणारे सुरुवात जमवतात आणि त्यांचा तळ कोता पडतो. इथे वरचा वास मेलाय आणि तळ शाबूत आहे. म्हणजे माल खरा आहे, तो हवेने खराब झालाय. संत्र्या-लिंबाच्या वासात लिमोनीन असतं आणि त्याला हवेतला ऑक्सिजन लागला की ते बदलतं. ऊन आणि उष्णता मिळाली तर आणखी लवकर. जड लाकडी तेलं त्या मानाने टिकतात, म्हणून ती मागे उरली.

मग बाटली कुठे असते ते विचारलं. पश्चिमेच्या खिडकीशी, ड्रेसिंग टेबलवर. मुंबईच्या एप्रिल-मेचं दुपारचं ऊन रोज तिच्यावर. आत उरलेलं 3 मिली, म्हणजे 10 मिलीच्या बाटलीत वर 7 मिली हवा, आणि तिचा पाचवा हिस्सा ऑक्सिजन. शिवाय स्प्रे दाबला की जेवढं बाहेर जातं तेवढी हवा आत येते. टोपण बऱ्याचदा लावलेलंच नसायचं, त्यामुळे नळीच्या तोंडाशी वाळलेला थर होता. त्या आंबूसपणातला थोडा भाग त्या थराचाही असणार. दोन-तीन फवारे हवेत सोडल्यावर तो जरा कमी झाला, पण संत्रं काही परत आलं नाही.

तिला पटलं का? "असेल," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने माझ्याकडून कधी काही वाटून घेतलं नाही. मला अजूनही वाटतं की दुसऱ्याच्या खिडकीतल्या उन्हाची जबाबदारी माझी नव्हती. कधीकधी वाटतं, 10 मिलीच्या एका बाटलीऐवजी 5 च्या दोन दिल्या असत्या तर दुसरी भरलेली, बंद राहिली असती. हे दोन्ही विचार एकाच वेळी डोक्यात असतात, त्यांचा निकाल मी लावलेला नाही.

एक मात्र त्या दिवसापासून मी बजावून सांगते. असं बदललेलं सेंट अंगाला लावू नका. लिमोनीन आणि तसंच दुसरं सुगंधी द्रव्य लिनालूल हवेने बदलून जे तयार होतं त्याची अ‍ॅलर्जी त्वचेला जडू शकते, आणि एकदा जडली की सहसा जात नाही. "महाग होतं, संपवून टाकू" हा विचार इथे उपयोगाचा नाही. ताज्या सेंटलासुद्धा मी आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक फवारा मारून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबते. लाली किंवा खाज आली तर ती कुपी बाद.

भरायची पद्धतही सांगते, कारण खऱ्या-खोट्याचा अर्धा वाद तिथे मिटतो. बऱ्याच बाटल्यांचा स्प्रे धातूच्या पट्टीने दाबून बसवलेला असतो. तो पकडीने उपटायचा नाही, काच फुटते. वरचं दाबायचं बटण सरळ वर ओढून काढायचं, खालच्या बारीक दांड्यावर छोटी नळी बसवायची आणि तिचं दुसरं टोक कुपीत सोडून हळूहळू दाबायचं. एका दाबात साधारण 0.1 मिली येतं, बाटलीगणिक कमी-जास्त. म्हणजे 5 मिलीला पन्नासेक दाब आणि अंगठ्याला रग. लांबून कुपीच्या तोंडात फवारत बसलात तर अल्कोहोल उडतं, हवा मिसळते आणि निम्मा वास खोलीला लागतो. गॅसच्या ओट्याजवळ हे करू नका, आणि जवळ निरांजन-उदबत्ती नको. हे बहुतेक अल्कोहोलच आहे, पेट घेतं.

कुपी काचेची, नवी. आधीच्या सेंटचा वास स्प्रेच्या नळीत मुरलेला असतो, तो धुऊन जात नाही. आतली धूळ काढायची तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने खळबळून पूर्ण सुकवायची. पाणी नको, आणि सॅनिटायझर तर नकोच, त्यात ग्लिसरीन असतं. काठोकाठ भरायची नाही. एसीतून बाहेर उन्हात नेली की द्रव फुगतो आणि पर्समध्ये झिरपतो. नाव, बॅच कोड आणि भरल्याची तारीख लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावायची. ती लावली नाही तर पहिल्याच थेंबाने शाई पसरते आणि मग घरात दहा बेनाम कुप्या होतात. प्लास्टिकच्या बुचाच्या 1 मिली नमुन्यांतून अल्कोहोल हळूहळू उडून जातं. बूच घट्ट दिसतं, पण महिन्यांनी पातळी उतरलेली असते आणि उरलेलं दाट, चिकट झालेलं असतं. ते नमुने लवकर संपवावेत. स्प्रेच्या कुप्या उभ्या, बंद खोक्यात, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात. बाथरूम नको, गीझरखालचं कपाट तर मुळीच नको. फ्रिज चालतो, पण रोज आत-बाहेर करायची तर कपाटच बरं.

राहिला अजमावण्याचा भाग. दुकानातल्या कागदाच्या पट्टीवर कळते ती पहिली दहा मिनिटं, तीही एसीत. मला कळायला हवं की ऑगस्टच्या दमट दुपारी दादरच्या पुलावर ते अंगावर कसं लागतं, आणि सहाव्या तासाला उरतं का. 2 मिलीत वीसेक फवारे येतात, चार-चारने पाच दिवस. एका दिवशी एकच सेंट. आणि तुम्हाला वास येईनासा झाला म्हणून ते संपलं असं समजू नका. काही कस्तुरीसदृश रसायनांचा वास अनेकांना येतच नाही, आणि बाकीच्यांचाही काही वेळाने आपल्याच नाकाला सरावतो. शेजारच्या टेबलवरच्या बाईंना विचारा.

तेव्हा मागायचंच असेल तर 10 मागू नका. संत्र्या-लिंबाचं असेल तर 2 किंवा 3 मिली मागा आणि सहा महिन्यांत संपवा. चंदन, ऊद, अंबर अशा जड वासाचं 5 घेतलंत तरी अंधारात दोन-तीन वर्षं आरामात राहील. व्हॅनिलाचं असेल आणि हळूहळू तपकिरी होत गेलं तर लगेच मला फोन करू नका, व्हॅनिलिनचा तो स्वभावच आहे. आधी कागदावर मारून तासभर थांबा.