वर थोडी कोथिंबीर

भाजीचा हिशोब झाला, पैसे दिले, पिशवीही उचलली. तरी व्यवहार संपत नाही. 'भैया, वर कोथिंबीर टाका ना थोडी' हे झाल्याशिवाय भाजी घेतल्यासारखी वाटतच नाही. मग 'दोन मिरच्या पण'. विनोद याच वाक्यावर चालतात. बायको सोनाराकडे 'हारावर कोथिंबीर?' विचारते, सासरे गाडीच्या शोरूममध्ये 'वर काय देताय?' म्हणतात. (बोलणी बहुतेक बायकांच्या माथी मारतात. रिक्षावाल्याशी पाच रुपयांसाठी भांडणाऱ्या पुरुषांवर कोणी हसत नाही.)

यात एक हिशोब असतो. समजा, कोथिंबिरीची जुडी वीस रुपयांना आहे. भाजीवाला तिच्यातून पंधरा चिमट्या काढतो, म्हणजे चिमटीला साधारण सव्वा रुपया. शंभराच्या भाजीवर तेवढं तो सहज सोडतो, शिवाय कोथिंबीर संध्याकाळपर्यंत मलूल होणारच, कितीही पाणी मारलं तरी. पण पावसाळ्यात लागवड सडते, आवक घटते आणि जुडी ऐंशीवर जाते. मग तीच चिमटी सव्वापाच रुपयांची होते. त्या दिवसांत कोथिंबीर टोपलीत दिसतच नाही, गोणपाटाखाली असते. विचारलं तर 'ताई, आज नाही परवडत,' एवढंच उत्तर. आणि पक्क्या गिऱ्हाइकाला तरीही चार काड्या मिळतात, गुपचूप, पिशवीच्या तळाशी.

म्हणजे फुकट असं काही नव्हतंच. भाव सांगतानाच तिची किंमत धरलेली असते. मग मागायची कशाला? मला वाटतं, भावात हरल्यावर शेवटचा शब्द आपला राहावा म्हणून. वांगी चाळीसच्या खाली आली नाहीत, पण कोथिंबीर घेतलीच. भाजीवालाही हे ओळखतो. जाणारं गिऱ्हाईक थोडं जिंकून गेलं, तर उद्या पुन्हा इथंच येतं.

म्हणूनच ॲपवर हा खेळ बसला नाही. मे २०२४ मध्ये मुंबईतल्या एका तरुणानं समाजमाध्यमावर लिहिलं, की ब्लिंकिटवर कोथिंबिरीचे पैसे द्यावे लागतात हे कळल्यावर आईला छोटासा हार्ट अटॅकच आला. ठरावीक भाजीवर ती फुकट द्या, अशी आईची सूचनाही त्यानं कळवली. कंपनीच्या प्रमुखांनी ती मानली आणि खरंच काही भाज्यांसोबत कोथिंबीर फुकट मिळू लागली. लोकांनी आईचं कौतुक केलं.

आमच्या सोसायटीतल्या काकूंना ही बातमी वाचून दाखवली. त्यांनी भेंडी निवडता निवडता शांतपणे विचारलं, 'आणि मिरच्या?'