रजिस्ट्रेशन त्याचं, वापर आधीपासून आमचा: पासिंग ऑफच्या केसचा माझा अनुभव

आम्ही फरशी पुसायचं लिक्विड बनवतो, बरीच वर्षं एकाच नावाने विकतोय, नाव रजिस्टर केलेलं नव्हतं. आणि एक दिवस वकिलाची नोटीस आली ती उलट आम्हालाच, की हे नाव आमच्या पार्टीचं रजिस्टर्ड ट्रेडमार्क आहे, वापर ताबडतोब बंद करा. पाठवणारा आमच्या नंतर धंद्यात उतरलेला, स्पेलिंगमधलं एक अक्षर बदललं की नाव तेच.

आमच्या वकीलबाईंनी आधी एकच गोष्ट विचारली, तुमचं सगळ्यात जुनं बिल कधीचं? रजिस्ट्रेशन नाही म्हणजे आपण इन्फ्रिंजमेंटचा, म्हणजे रजिस्टर्ड नावावर अतिक्रमण केल्याचा, दावा लावूच शकत नाही, ट्रेडमार्क्स ॲक्ट 1999 च्या कलम 27 मध्ये ते स्पष्ट लिहिलंय, पण त्याच कलमात पासिंग ऑफचा, म्हणजे दुसरा कुणी त्याचा माल आपला म्हणून खपवत असेल तर त्याच्यावर दावा लावायचा, हक्क शाबूत ठेवलाय. आणि कलम 34 नुसार आमचा सलग वापर त्याच्या वापराच्या आणि त्याच्या रजिस्ट्रेशनच्या तारखेच्या, दोन्हीच्या आधीचा असेल तर तो आम्हाला थांबवू शकत नाही. रजिस्ट्रेशनची तारीख म्हणजे सर्टिफिकेट हातात आल्याची नाही हं, अर्ज केल्याची. आमची बिलं त्याच्या आधीची निघाली.

एवढ्याने आम्ही वाचत होतो, पण त्याला रोखायचं कसं? त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे ना. तर 2015 च्या सय्यद मोहिदीन विरुद्ध सुलोचना बाई या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क रजिस्टर्ड मालकापेक्षा वरचा, रजिस्ट्रेशन असलेल्यावरही पासिंग ऑफचा दावा चालतो. मग आम्हीच दावा टाकला.

इथून खरी मेहनत. इन्फ्रिंजमेंटवाल्याला सर्टिफिकेट दाखवायचं आणि दोन नावं शेजारी ठेवायची, नाव आणि माल दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर ग्राहक गोंधळेल हे कोर्ट गृहीतच धरतं. आम्हाला मात्र तीन गोष्टी उभ्या करायच्या होत्या: बाजारात नावाला पत आहे, समोरचा आपला माल आमचा असल्यासारखा भासवतोय, आणि त्यातून आमचं नुकसान होतंय किंवा होऊ शकतं. त्याचा हेतू वाईट होता हे सिद्ध करावं लागत नाही, हा एक दिलासा.

पत म्हणजे आजची नाही, त्याने विकायला सुरुवात केली त्या वेळची. म्हणून गेल्या वर्षीचा भारी सेल दाखवून काही उपयोग नव्हता, जुनी बिलं, छपाईवाल्याकडच्या जुन्या लेबलांचे नमुने, जाहिरातीच्या पावत्या आणि सीएने सही केलेला त्या त्या वर्षाच्या विक्रीचा तक्ता, हे सगळं तारखेवार लावलं. बिलावर कंपनीचं नाव असतंच, पण मालाचं ब्रँडनाव छापलेलं बिल लागतं, आणि तिथे आमची अर्धी बिलं बाद झाली कारण त्यावर नुसतं "फ्लोअर क्लीनर" लिहिलेलं.

दुसरी अडचण जागेची. इन्फ्रिंजमेंटमध्ये कलम 134 मुळे फिर्यादी आपण धंदा करतो तिथल्या कोर्टात जाऊ शकतो, पासिंग ऑफला ती सवलत नाही. प्रतिवादी जिथे आहे किंवा त्याचा माल जिथे विकला गेला तिथे जावं लागतं. म्हणून आमच्या भागातल्या दुकानातून त्याची बाटली पक्क्या बिलावर विकत घेतली आणि ते बिल दाव्याला जोडलं. त्याच्या भागात आमचं नाव कुणाला माहीतच नसतं तर तिथे पत कसली दाखवणार, रजिस्ट्रेशन मात्र देशभर चालतं.

अंतरिम मनाईच्या, म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्याला ते नाव वापरण्यापासून थांबवायच्या, सुनावणीत त्यांचा वकील म्हणाला, आमची बाटली निळी, कंपनीचं नाव ठळक, गोंधळ कुठे होतो? हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण 1964 च्या नवरत्न फार्मास्युटिकलच्या निकालापासून फरक हाच आहे. इन्फ्रिंजमेंटमध्ये चिन्हाचा मुख्य भाग उचलला की बाकीचं वेष्टन वेगळं असून सुटका नाही, पासिंग ऑफमध्ये मात्र वेगळेपण पुरेसं असेल तर समोरचा सुटू शकतो. आमच्या बाजूने काम केलं ते दोन डीलर्सच्या मेसेजनी, त्यांनी त्याच्या बाटलीबद्दलची तक्रार आम्हाला पाठवली होती, "तुमचा नवीन निळा माल फेस करत नाही" म्हणून. म्हणजे निळी बाटली त्यांना वेगळ्या कंपनीची वाटलीच नाही, आमचाच नवा प्रकार वाटला!

अंतरिम मनाई मिळाली, दावा अजून चालू आहे. त्याचं रजिस्ट्रेशन त्या आदेशाने आपोआप रद्द होत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज टाकलाय, आणि आमच्या नावाचा रजिस्ट्रेशनचा अर्जही केलाय, वापराच्या पहिल्या तारखेसकट, सोबत तेच सगळ्यात जुनं बिल.