सेव्ह झालंय, पण कुठे?

"घरून कॅमेऱ्यासमोर बसून कायद्याचा पेपर टाइप करायचाय. मधेच नेट गेलं किंवा लॅपटॉप अडकला तर लिहिलेलं सगळं जातं का हो?"

तुमचं उत्तर साठतंय कुठे, त्यावर ते ठरतं. मी पहिला पेपर दिला तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं.

काही सॉफ्टवेअर लॅपटॉपवर इन्स्टॉल करावी लागतात. पेपर आधीच उतरवलेला, पण कुलूपबंद असतो. तुम्ही लिहिता ते थोड्या थोड्या वेळाने तुमच्याच डिस्कवर साठतं आणि शेवटी सगळी फाइल अपलोड होते. अशात नेट गेलं तरी उत्तराला धक्का लागत नाही. फक्त पर्यवेक्षक लाइव्ह बघत असेल तर त्याला दिसणारं कॅमेऱ्याचं चित्र तुटतं. दुसरी जात ब्राउझरमध्ये चालणारी. तिथे उत्तर थेट सर्व्हरवर जातं. नेट गेलं तरी पडद्यावर अक्षरं उमटत राहतात, म्हणून आपण निवांत असतो, पण ती पलीकडे पोचलेली नसतात. अशा वेळी पान रिफ्रेश केलं की तेवढा मजकूर गेलाच समजा. तिथे 'saved' या शब्दापेक्षा त्याच्या शेजारची वेळ पुढे सरकतेय का, ते बघायचं.

आपलं सॉफ्टवेअर कुठल्या जातीचं, ते सूचनापत्रात असतं. मी तरी ते सराव परीक्षेत तपासून घेते. एक वाक्य टाइप करून पुढे घड्याळातली वेळ लिहायची, अर्ध्या मिनिटाने पुढचं, असं पाच-सहा वेळा. मग वायफाय बंद करून आणखी दोन वाक्यं, आणि पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप सरळ बंद. पुन्हा उघडल्यावर कुठल्या वेळेपर्यंतचं वाक्य परत आलं, त्यावरून किती मजकूर जाऊ शकतो याचा अंदाज येतो. त्याच बैठकीत देवनागरीत लिहिणाऱ्यांनी कीबोर्ड बदलायची कळही दाबून बघावी; परीक्षेपुरतं लॅपटॉपवरचं बाकी सगळं बंद ठेवणारा लॉकडाउन ब्राउझर अशा कळा अडवू शकतो. (सराव परीक्षा किती वेळा देता येते, ते आधी वाचा. एकदाच असेल तर हा खेळ तिच्या शेवटी.)

आता माझी फजिती. करारभंगाचा प्रश्न होता, नुकसानभरपाईचा मुद्दा रंगात आला होता आणि 11:40 ला कर्सर थिजला. मी काय केलं? सवयीने बाजूचा फोन उचलला, हेल्पलाइनला लावायला. कॅमेऱ्याच्या नजरेत ती परीक्षेत फोन हाताळणारी उमेदवार. नियमात फोनची परवानगी होती, पण आधी चॅटमध्ये कळवल्यावरच, आणि चॅटही थिजलेलं. त्याचं स्पष्टीकरण पुढे लेखी द्यावं लागलं.

फोन खाली ठेवल्यावर सुचलं ते बरोबर निघालं. जागेवरून न उठता मोठ्याने बोलले : "11:42, पडदा थिजलाय, मी लॅपटॉप पुन्हा सुरू करतेय." रेकॉर्डिंग चालू असेल तर हे बोलणं पुराव्यात जातं. कच्च्या कागदावर वेळ टिपली, दोन मिनिटं थांबले आणि मगच बटण दाबलं. 11:49 ला पेपर उघडला तेव्हा शेवटचा परिच्छेद गायब होता आणि घड्याळ थांबलेलं नव्हतं. त्याच दिवशी वेळांसकट ईमेल पाठवला. फोनचा आक्षेप मागे घेतला गेला, पण नऊ मिनिटं नाही मिळाली. उमेदवाराच्या यंत्रातल्या बिघाडासाठी वाढीव वेळ नाही, असं नियमात होतं. मी वाचलं नव्हतं, दुसरं काय!

बिघाड पलीकडचा असेल तर गोष्ट वेगळी. 28 जुलै 2020 ला अमेरिकेतल्या मिशिगनच्या ऑनलाइन बार परीक्षेत, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेत, उमेदवारांना दुसऱ्या भागाचा पासवर्डच मिळेना. तिथे अडकलेल्यांना वाढीव वेळ दिला गेला. म्हणून ईमेलमध्ये 'सिस्टिम बंद पडली' असं मोघम लिहू नका. पडद्यावरचा संदेश शब्दशः उतरवा, म्हणजे दोष कुणाकडे ते ठरवता येतं.

त्या दिवसापासून माझी लिहायची पद्धतही बदलली. प्रश्न वाचला की आधी सगळ्या मुद्द्यांची शीर्षकं टाइप करते : करार झाला का, भंग झाला का, भरपाई किती. प्रत्येकाखाली एका ओळीत माझा निष्कर्ष. मग नियम आणि त्याचं वस्तुस्थितीला लावणं भरत जाते. पूर्वी पहिला मुद्दा दोन पानं घोटायचे. तिथेच लॅपटॉप गेला असता तर बाकीच्या मुद्द्यांचं तपासनिसाला नखही दिसलं नसतं.

एक राहिलंच. इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये 'पेपर संपला' आणि 'पेपर पोचला' हे दोन वेगळे क्षण असतात. अपलोड झाल्याची पावती येईपर्यंत झाकण मिटायचं नाही, आणि निकाल लागेपर्यंत ते सॉफ्टवेअर काढून टाकायचं नाही. फाइल पोचलीच नाही असं उद्या कुणी म्हणालं, तर तिची प्रत तिथेच असण्याची शक्यता असते. माझा लॅपटॉप तेव्हा फार हळू चालत होता, फॉरमॅट मारायला हात शिवशिवत होते, तरी निकालापर्यंत तसाच वापरला.